मांजराची पिल्ले : मस्ती कोणती, मारामारी कोणती?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी सकाळीच मागच्या इमारतीतल्या ताई आमच्या दारात आल्या. त्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. आठवड्यातून एकच सुट्टी, ती मोडून त्या आल्या म्हणजे काम तसेच असणार हे आम्ही ओळखले.

"भाऊ, आमच्या दोन पिल्लांपैकी एक कुठं द्यायला मिळतं का बघा," त्या म्हणाल्या. "दिवसरात्र नुसती मारामारी. एकमेकांचा जीव घेतील एखाद दिवशी. रात्री एकाला मोरीत कोंडते, तर ते रडून रडून अख्खा मजला जागा करतं. शेजारीण म्हणते, घरात मांजर रडणं चांगलं नसतं."

ही पिल्ले त्यांच्या मुलाने विहाराच्या मागच्या पायऱ्यांखालून उचलून आणलेली होती. एक बोका, एक भाटी, एकाच आईची. मुलाने त्यांची नावे ठेवली ढब्बू आणि चिंगी. वय तेव्हा साधारण तीन महिने. शेजारणीच्या अपशकुनाला आम्ही उत्तर दिले नाही. एकटे कोंडलेले पिल्लू रडतेच, त्यात शकुन-अपशकुन काही नसतो. पण जीव घेण्याची गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. आमच्या घरी बरीच वर्षे मांजरे आहेत आणि वस्तीत मांजर-कुत्र्यांच्या ऑपरेशनचे शिबिर लागते तेव्हा आम्ही डॉक्टरांच्या हाताखाली असतो. म्हणून आम्ही म्हटले, "ताई, आज कुणाला देऊ नका. संध्याकाळी आम्ही येतो, तासभर बसतो. मग ठरवू."

आमची कारकुनाची सवय. जाताना वही घेऊन गेलो. पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला ढब्बू, दुसऱ्या बाजूला चिंगी. पाहायच्या गोष्टी फक्त तीन ठेवल्या. झटापटीत वर कोण होते? पाठलाग कोणी सुरू केला? आणि सुटल्यावर परत कोण आले?

तासाभरात चौदा झटापटी झाल्या. आठ वेळा ढब्बू वर होता, सहा वेळा चिंगी. पाठलाग नऊ वेळा ढब्बूने सुरू केला, पाच वेळा चिंगीने. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुटका झाली की जी खाली दबलेली असायची तीच चिंगी पलंगाखाली दोन क्षण बसून, अंग चाटून, पुन्हा ढब्बूच्या शेपटीवर झडप घालायची. ताईंना आम्ही वही दाखवली. ज्याला मार खावा लागतो तो मारणाऱ्याच्या पाठीमागे पुन्हा पुन्हा जात नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा येत असेल, तर ते भांडण नव्हे, खेळ आहे.

आता हा खेळ पाहणाऱ्याला भांडणासारखा का दिसतो, तेही समजून घेऊ. पिल्लू साधारण चार आठवड्यांचे झाले की भावंडांशी झोंबायला लागते. पुढचे दोन-तीन महिने हा जोर वाढतच जातो. त्यात दबा धरणे आहे, झडप आहे, मानेला तोंड लावणे आहे, पुढच्या पायांनी मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडणे आहे. हे सगळे डाव शिकारीचे आणि लढाईचेच असतात. म्हणून एकटा डाव पाहून निर्णय करता येत नाही. मागच्या पायांच्या लाथा खेळातही असतात आणि खऱ्या मारामारीतही असतात. फरक असतो तो डाव कसा खेळला जातो यात.

पहिली गोष्ट आवाज. खेळ बहुतेक मुका असतो. धडपडीचा आवाज येतो, भांडे पडते, पण पिल्लांच्या तोंडून फारसे काही निघत नाही. मधेच एखादे "चीं" ऐकू आले तर घाबरू नये. चावा जरा जोरात बसला, एवढाच त्याचा अर्थ. त्या आवाजाबरोबर दुसऱ्याने तोंड सैल केले की नाही, हे मात्र पाहावे. सैल केले तर सर्व ठीक आहे. याउलट घशातून सलग गुरगुर, पुन्हा पुन्हा फिस्कारणे, किंवा रात्री गल्लीत बोके ओरडतात तसा लांबलचक चढता आवाज, हे खेळाचे लक्षण नव्हे.

दुसरी गोष्ट कान आणि केस. खेळताना कान उभे, फार तर थोडे बाजूला असतात. अंग सैल असते. खऱ्या रागात किंवा भीतीत कान डोक्याला चपटे चिकटतात, शेपटी आणि पाठीवरचे केस फुलून उभे राहतात आणि तसेच राहतात. येथे एक चकवा आहे. लहान पिल्लू खेळतानाही कधीकधी पाठीची कमान करून, शेपूट फुलवून, आडवे आडवे उड्या मारीत येते. ते पाहून ताई सर्वांत जास्त घाबरल्या होत्या. पण ते मुकाट्याने होते, दोन-चार क्षणांत केस बसतात आणि पिल्लू टुणटुण पळते. तो नुसता आव असतो.

तिसरी गोष्ट नखे आणि दात. खेळात नखे बहुतांशी आत असतात आणि चावा अर्धवट असतो. म्हणून तासभर झोंबूनही अंगावर ओरखडा दिसत नाही. केसांचे झुपके फरशीवर पडू लागले, रक्त दिसले, किंवा भीतीने एखाद्याची लघवी-शी सुटली, तर तेथे खेळ संपलेला आहे.

ताईंनी मग विचारले, "खेळ असला तरी रात्री वेगळं ठेवलं तर बिघडतं काय?" एका रात्रीने काही बिघडत नाही. पण दर वेळी झटापट दिसली की वेगळे करायचे, असे चालवले तर नुकसान पिल्लांचेच होते. चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लाला भावंडच शिकवते. आपण जोरात चावलो तर समोरचा ओरडतो, खेळ सोडून निघून जातो, आणि मग खेळायला कोणी उरत नाही. हा धडा त्याला माणूस नीट देऊ शकत नाही. लहानपणी एकटे वाढलेले पिल्लू पुष्कळदा मुलांच्या हातापायांवर जोराने झडप घालते, कारण त्याला कोणी "पुरे" म्हटलेलेच नसते. तेव्हा त्या दिवशी निर्णय झाला की चिंगी कुठेही जाणार नाही आणि मोरीचे कोंडणेही बंद. त्याऐवजी झोपण्याआधी दहा मिनिटे मुलाने सुतळीला कापडाची चिंधी बांधून दोघांना दमवायचे आणि मग खायला द्यायचे. आठवड्याने ताई म्हणाल्या की रात्री झोप लागते आहे.

परंतु सगळे जग खेळ आणि भांडण अशा दोनच कप्प्यांत मावत नाही. २०२३ साली स्लोव्हाकिया आणि इंग्लंडमधील संशोधकांनी मांजरांच्या १०५ जोड्यांच्या झटापटींचे व्हिडिओ बारकाईने तपासून त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मुकाट्याने कुस्ती खेळणाऱ्या जोड्या बहुतेक खेळत होत्या. आवाज करणाऱ्या आणि एकमेकांना पळवून लावणाऱ्या जोड्यांत बहुधा भांडण होते. आणि एक चतुर्थांशाहून अधिक जोड्या या दोहोंच्या मध्ये होत्या. म्हणजे सुरुवात खेळाने, पण पुढे एकाला नकोसे झालेले. आपल्या घरात काळजीपूर्वक पाहायची जागा हीच.

असे मधले काही चालले आहे असे वाटले तर ओरडू नये, पाणी फेकू नये, चप्पल तर नाहीच नाही. मारलेले मांजर माराचा संबंध समोरच्या मांजराशी जोडते आणि वैर वाढते. एक मोठा पुठ्ठा घ्यावा, टीव्हीच्या खोक्याचा चालेल, आणि दोघांच्या मध्ये हलकेच सरकवावा. मग वीस अंक मोजावेत. दबलेले पिल्लू पुठ्ठ्याला वळसा घालून पुन्हा दुसऱ्याकडे आले तर खेळ आहे, पुठ्ठा काढून घ्यावा. ते कपाटावर चढून बसले, किंवा पलंगाखाली अंग चोरून राहिले, तर त्याला आज पुरे झाले आहे असे समजावे. दुसऱ्याला चिंधीच्या मागे लावावे आणि त्याला विसावा द्यावा. पिल्लू लहान आणि दुसरे मांजर मोठे, अशी जोडी असेल तर हे दिवसातून अनेकदा करावे लागते, कारण मोठ्याची ताकद लहानाला झेपत नाही.

ताईंच्या घरची गोष्ट येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ऑक्टोबरच्या अखेरीस, रात्री नऊच्या सुमारास, त्यांचा मुलगा धावत आला. उजव्या हाताला फडके गुंडाळलेले, त्यातून रक्त. "काका, लवकर चला. या वेळी खेळ नाही."

झाले होते ते असे. पिल्ले आता साडेसात महिन्यांची झाली होती. भाटी या वयाच्या आधीच माजावर येऊ शकते, आणि घरात सख्खा भाऊ असला तरी तिला पिल्ले होतात. म्हणून आमच्याच सांगण्यावरून चिंगीचे ऑपरेशन करून आणले होते. ढब्बूचे पुढच्या महिन्यात, पगार झाल्यावर, करायचे ठरले होते. चिंगीला संध्याकाळी टोपलीतून घरी आणले आणि टोपली ढब्बूसमोरच उघडली. चिंगी भुलीच्या अमलात झोकांड्या खात बाहेर आली. ढब्बू जवळ गेला, हुंगला, आणि एकदम फिस्कारला.

मांजर आपल्या सोबत्याला डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते. चिंगीच्या अंगाला घरचा वास राहिला नव्हता. स्पिरिटचा, औषधाचा, दवाखान्यातल्या इतर जनावरांचा वास होता. चालणेही निराळे. ढब्बूच्या दृष्टीने ती चिंगी नव्हतीच, घरात शिरलेले परके मांजर होते. सोबत वाढलेली, एका गोणपाटावर निजणारी भावंडे अशा वेळी एकमेकांवर तुटून पडतात. मुलाला वाटले, नेहमीचीच मस्ती आहे, पण टाके तुटतील. म्हणून त्याने चिंगीला उचलायला हात घातला. ढब्बूचे चारही सुळे त्याच्या हातात रुतले.

आम्ही पोहोचलो तेव्हा चिंगी गॅसच्या मागे कोपऱ्यात होती. ढब्बू ओट्याखाली, अंग फुगवून, कान चपटे, नजर तिच्यावर खिळलेली, घशातून सलग आवाज. वही काढायची गरज नव्हती. येथे आळीपाळी नव्हती, थांबणे नव्हते, खालचा परत येत नव्हता. शिवाय चिंगीच्या पोटाला टाके होते.

पहिले काम मुलाच्या हाताचे. नळाखाली हात धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतला, घड्याळ लावून. ताई हळद आणायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवले. मांजराच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट काही लावू नये. मग ताईंना त्याला घेऊन त्याच रात्री सरकारी दवाखान्यात धाडले. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून भोक बारीक दिसते, पण जंतू खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. रेबीजचा धोका वेगळाच. "घरचंच मांजर आहे" म्हणून बसू नये. लस द्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे, आणि सुरू केली तर सगळ्या तारखा पुऱ्या कराव्यात.

दुसरे काम मांजरांचे. अशा वेळी हात मध्ये घालायचाच नाही, हे मुलाने शिकले होते, आम्ही फार पूर्वी शिकलो होतो. तोच पुठ्ठा घेतला, ढब्बूची नजर तुटेल असा आडवा धरला, आणि पुठ्ठ्यानेच त्याला हळूहळू बाहेरच्या खोलीकडे सरकवले. खवळलेले मांजर कोणावरही उलटते, ते पुष्कळदा तास न् तास तसेच राहते, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंतही. म्हणून त्याला समजवायला, कुरवाळायला जाऊ नये. खोलीतला दिवा मालवला, पाणी ठेवले, मधले दार लावले. चिंगी स्वयंपाकघरात, ढब्बू बाहेर. ताईंचे घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि मोरी. पण मध्ये दार आहे, हेच मोठे भांडवल. ज्यांच्याकडे मधले दार नाही त्यांनी जाळीचा पिंजरा उसना आणावा आणि त्यावर चादर टाकावी, किंवा एकाला चार दिवस शेजारी ठेवावे.

ताई दवाखान्यातून परतल्या त्या रडवेल्या होऊन. "भाऊ, आता तरी एक द्यायलाच हवं. पोराला चावला." राग खोटा नव्हता. पोटच्या पोराच्या हातातून रक्त आले होते. आम्ही म्हटले, "ताई, पंधरा दिवस द्या. तोपर्यंत दोघं एकमेकांना दिसणार नाहीत, ही जबाबदारी आमची. नाही जमलं तर ढब्बूला आम्ही आमच्या घरी नेऊ." त्या तयार झाल्या.

पहिले तीन दिवस काहीच केले नाही. फक्त दार बंद. दोघांना वेगळे पाणी, वेगळे जेवण, वेगळे शीचे घमेले. एरवीही दोन मांजरांच्या घरात दोन घमेली असावीतच, जागा असल्यास तीन. एकाच घमेल्यापाशी दबा धरून दुसऱ्याला अडवता येते. या तीन दिवसांत दवाखान्याचा वास उतरला, भूल तर दुसऱ्याच दिवशी पूर्ण गेली.

चौथ्या दिवसापासून वासाची ओळख. एक कोरडे फडके ढब्बूच्या गालांवरून, हनुवटीखालून फिरवायचे आणि चिंगीच्या ताटलीजवळ ठेवायचे. दुसरे फडके चिंगीच्या गालावरून फिरवून ढब्बूकडे. पहिल्या दिवशी ढब्बूने फडके हुंगले आणि फिस्कारला. फडके तेथेच ठेवले, बाजूला सुकटाचा तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी तो फडक्याशेजारी बसून सुकट खात होता. दोघांचे गोणपाटही मग अदलून-बदलून टाकले.

सहाव्या दिवशी दोन्ही ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना, दारापासून चार-चार फुटांवर ठेवल्या. वेळ एकच. दोघांनीही मान खाली घालून शांतपणे खाल्ले तर पुढच्या वेळी ताटली वीतभर दाराकडे. कोणी खाणे सोडून दाराकडे रोखून पाहू लागला, गुरगुरला, तर ताटली पुन्हा मागे. यात घाई केली की सगळे केलेले वाया जाते. सातव्या दिवशी संध्याकाळी ताईंनी घाईने एकदम हातभर पुढे सरकवली, ढब्बू दारावर पंजा मारून फिस्कारला, आणि दोन दिवस मागे जावे लागले.

अकराव्या दिवशी ताटल्या दाराला टेकल्या. मग दार दोन बोटे उघडे ठेवले, हलू नये म्हणून दोन्हीकडून विटा लावल्या. फटीतून नाके एकमेकांना लागली. चिंगी मागे सरली, ढब्बूने डोळे बारीक केले आणि तेथेच बसून अंग चाटू लागला. मांजराने समोरच्याकडे पाठ फिरवून अंग चाटणे म्हणजे त्याला भीती उरली नाही असे समजावे. चौदाव्या दिवशी दार उघडले, तेही फक्त पाच मिनिटे, समोर जेवण, आणि पुठ्ठा आमच्या हातात. पुठ्ठा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे, मग अर्धा तास. तोवर चिंगीचे टाकेही भरून आले होते. माणूस घरात नसताना एकत्र सोडले ते त्याच्या पुढच्या आठवड्यात.

यातून दोन गोष्टी आम्हीही शिकलो. एक, जमत असेल तर दोन्ही मांजरांची ऑपरेशने एकाच दिवशी करावीत, म्हणजे दोघांना एकच वास येतो. ते पैशामुळे जमत नसेल तर परत आलेल्याला निदान एक दिवस वेगळे ठेवावे, आणि दार उघडण्याआधी घरच्या गोणपाटाने त्याचे अंग हलकेच पुसावे. हे आम्ही ताईंना आधी सांगायला हवे होते. आमच्या लक्षात राहिले नाही, ती चूक आमची. दुसरी, बोक्याचे ऑपरेशन लांबवू नये. सहा महिने उलटले की बोक्याच्या अंगात नर शिरतो आणि खेळाचे भांडण व्हायला निमित्त लागत नाही. ऑपरेशनने सगळेच बोके साधू होत नाहीत, पण बहुतेकांची मारामारी उतरते.

आणखी एक सांगायचे, कारण हे नजरेतून सुटते. खरे भांडण नेहमी आरडाओरड्याचे नसते. एक मांजर दारात नुसते बसते, टक लावून पाहते, आणि दुसरे घमेल्याकडे किंवा ताटलीकडे जायचे सोडून देते. कोणी कोणाला बोटही लावत नाही. घरची माणसे म्हणतात, "आता किती शहाणी झाली!" परंतु एक मांजर दिवसभर कपाटावरच बसू लागले, वाळू लागले, किंवा घमेले सोडून गादीवर लघवी करू लागले, तर वही काढा. वाट कोण अडवतो आणि वळून कोण जातो, एवढेच दोन दिवस लिहा. सगळे आकडे एकाच रकान्यात पडले, तर वर सांगितल्याप्रमाणे दार लावून पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागेल. मात्र अचानक चिडखोर झालेल्या मांजराला आधी डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा दात, कान किंवा पोट दुखत असते आणि राग सोबत्यावर निघतो.

खरी मारामारी होऊन गेली असेल तर दोन्ही मांजरांच्या अंगावरून, विशेषतः मान, पाय आणि शेपटीच्या मुळाशी, केसांतून बोटे फिरवून पाहावे. सुळ्याचे भोक वरून लगेच मिटते आणि आत पू धरतो. दोन-चार दिवसांनी गरम, दुखरी गाठ येते, मांजर खाणे सोडते, एका जागी पडून राहते. ते डॉक्टरांचे काम आहे. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल जुन्या माणसांना ठाऊक आहेच, गावी तालुक्याचा जनावरांचा दवाखाना असतो. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

आणि पंधरा दिवस, महिना, दोन महिने नीट प्रयत्न करूनही जमले नाही तर? असे होते. काही जोड्या जुळत नाहीत, आणि एका खोलीच्या घरात कायमचे दोन भाग पाडता येत नाहीत. तेव्हा एकाला चांगले घर शोधून देणे हा दोष नव्हे. पण ते पाहून, लिहून, प्रयत्न करून मग व्हावे. तीन महिन्यांच्या पिल्लांची कुस्ती पाहून घाबरून होऊ नये.

ढब्बूचे ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पगारानंतर झाले. तो घरी आला त्या रात्री मधले दार आधीच लावलेले होते, आणि त्याच्या टोपलीत चिंगीचे फडके होते. परवा आम्ही गेलो तेव्हा दोघे एकाच गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून निजले होते. थोड्या वेळाने चिंगी उठली आणि तिने ढब्बूच्या कानाला तोंड लावले. धडपड सुरू झाली, स्टीलचा डबा गडगडत गेला. ताईंनी पोळी लाटता लाटता मान वर केली, कान पाहिले, आवाज ऐकला, आणि पुन्हा लाटायला घेतले. पुठ्ठा अजून दारामागे उभा आहे. तो टाकून देऊ नका, असे आम्ही त्यांना सांगून आलो.